टेबलावर चालतं, शेतात बंद पडतं

पंप चालू-बंद करणारा ईएसपी 32 बोर्ड घरच्या टेबलावर आठवडाभर बिनतक्रार चालतो. तोच बोर्ड विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत बसवला की दुपारी एकदीडनंतर आपोआप रिस्टार्ट व्हायला लागतो आणि संध्याकाळी पुन्हा सुरळीत होतो. लॅपटॉप जोडून पाहिलं तर स्क्रीनवर बऱ्याचदा `Brownout detector was triggered` अशी ओळ दिसते. मग वायफाय, प्रोग्राम, बॅटरी अशा सगळ्यांवर संशय घेऊन होतो. बिघाड दुपारीच होत असेल, तर आधी बोट ठेवावं ते रेग्युलेटरवर. शब्दशः मात्र ठेवू नका, भाजेल.

अशा बोर्डावर बहुधा एएमएस 1117 हा तीन पायांचा लिनियर रेग्युलेटर असतो. बॅटरीचे 12 व्होल्ट घेऊन तो 3.3 व्होल्ट देतो आणि मधला फरक स्वतःच्या अंगावर जाळतो. जेवढा करंट बोर्डाला लागतो, तेवढाच तो बॅटरीतून ओढतो. त्यामुळे हिशेब सोपा आहे. वायफाय आणि सेन्सर धरून सरासरी 150 मिलिअँपिअर लागत असतील, तर उष्णता होते:

```
(12 − 3.3) × 0.15 = 1.3 W
```

सव्वा वॅट ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो नखाएवढ्या तुकड्यात जिरवायचा आहे. या आकाराच्या रेग्युलेटरला तांब्याचा आधार कमी असेल, तर दर वॅटमागे आतली चिप सुमारे 90 अंशांनी तापते. म्हणजे 1.3 × 90, जवळपास 117 अंशांची वाढ. घरात 25 अंश असताना चिप 142 वर जाते. तिची मर्यादा 125 अंश आहे, तरीही ती चालत राहते आणि आपला गैरसमज तिथेच होतो. शेतातल्या बंद पेटीत मे महिन्यात 55 अंश धरा, बेरीज 172 होते. दीडशेच्या वर कुठेतरी चिपमधलं संरक्षण जागं होतं आणि पुरवठा तोडतं. चिप थोडी निवली की पुन्हा चालू, पुन्हा बंद.

पाठीखाली तांब्याचा भरपूर पट्टा दिला तर 90 चा आकडा 50 च्या आसपास येतो. मग 65 अधिक 55, म्हणजे 120 अंश. कागदावर जमलं! पण बॅटरी चार्ज होताना तिचं व्होल्टेज 14.4 पर्यंत चढतं आणि तोच हिशेब 138 वर जातो. शिवाय एएमएस 1117 ची इनपुटची कमाल मर्यादा 15 व्होल्ट आहे. इथे हीटसिंकच्या मागे लागण्यापेक्षा पद्धतच बदलावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बक कन्व्हर्टर व्होल्टेज जाळत नाही. तो पुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि कॉइलमध्ये साठवलेली ऊर्जा पुढे देतो. बाजारात सहज मिळणारा एलएम 2596 दीड लाख वेळा हे करतो. या चालू-बंदमुळे आउटपुटवर बारीक लहर उरते आणि सेन्सरचं रीडिंग थरथरतं. म्हणून मी दोन टप्पे करतो: बकने 12 चे 5 व्होल्ट आणि लिनियरने 5 चे 3.3. बककडून 0.75 वॅट बाहेर हवेत. कार्यक्षमता 75 टक्के धरली तर बॅटरीतून 1 वॅट जातो, पाव वॅट उष्णता होते. तीही आयसी, डायोड आणि कॉइलमध्ये वाटली जाते. लिनियरवर उरतात 1.7 × 0.15, म्हणजे तोही पाव वॅटच. तांबं कमी असलं तरी वाढ 23 अंशांची, पेटीत 78. बॅटरीवरचा भारही 150 वरून साधारण 83 मिलिअँपिअरवर येतो.

मात्र दर तासाला क्षणभर जागा होऊन जमिनीतला ओलावा कळवणाऱ्या यंत्राचं गणित निराळं आहे. ते एका लिथियम सेलवर चालतं. सेलचे सरासरी 3.7 व्होल्ट 3.3 वर आणताना लिनियरची कार्यक्षमता 3.3 भागिले 3.7, म्हणजे 89 टक्के होते. तिथे बकची गरजच नाही. पाहायचं ते एवढंच, की रेग्युलेटर स्वतः किती खातो. एएमएस 1117 काही काम नसतानाही सुमारे 5 मिलिअँपिअर पितो, महिन्याला 3.6 अँपिअर-तास, आणि झोपलेल्या ईएसपी 32 ला तर 10 मायक्रोअँपिअर पुरतात. शिवाय सेल पूर्ण भरलेला असतानाही एएमएस 1117 ला लागणारा वरचा एक-सव्वा व्होल्ट मिळत नाही. म्हणून कमी ड्रॉपआउटचा, काही मायक्रोअँपिअरवर भागणारा लिनियर घ्यावा. तो वायफाय चालू होतानाचा अर्ध्या अँपिअरपर्यंतचा झटका सोसतो का, हे मात्र आधी तपासा, कारण अशातले बरेच 250 मिलिअँपिअरवरच थांबतात.

पेटीतला हिशेब पडताळायचा तर झाकण लावून, भर दुपारी, बॅटरी चार्जिंगवर असताना मोजा. मल्टिमीटरचा तापमानाचा प्रोब रेग्युलेटरच्या रुंद पट्टीला टेकवा. पट्टीवर थेट 3.3 व्होल्ट असतात, म्हणून मध्ये कॅप्टॉन टेप लावा. चिप पट्टीपेक्षा दर वॅटमागे साधारण 15 अंशांनी जास्त गरम असते. चार्जिंगच्या 14.4 व्होल्टला 1.67 वॅट होतात, त्याचे 25 अंश मिळवा. पट्टी 100 दाखवत असेल, तर आतली चिप मर्यादेवर टेकलेली आहे.