रनआउट मराठीत उतरवताना

सीएमएमच्या तपासणी अहवालात ‘रनआउट 0.04, डेटम A’ अशी ओळ येते. तिचं मराठी ‘मध्य 0.04 मिलिमीटर सरकला’ असं केलं, तर लेथवरचा कामगार दुप्पट दुरुस्ती करेल. शाफ्ट आधार-अक्षाभोवती एक फेरा फिरताना मिळणाऱ्या कमाल आणि किमान वाचनांतला फरक म्हणजे रनआउट. गोलाई अचूक असेल, तर मध्य 0.02 सरकला तरी हा फरक 0.04 भरतो. म्हणून मी ‘आधार A भोवती फिरतानाचा एकूण फरक’ असं लिहितो. अक्षर ड्रॉइंगमधलंच ठेवतो, कारण आधार बदलला की आकडाही बदलतो.

सपाटपणाला मात्र आधार लागत नाही. तिथे ‘A पासून’ जोडलं, तर वाचणारा समांतरता समजेल. अनुवादकांनो, ड्रॉइंग शेजारी ठेवूनच अहवाल उतरवा.