शुगर ८४, आणि तरीही गाडी काढायची नाही

संकष्टीचा दिवस होता. मामा-मामी साताऱ्याहून कराडला मोटरसायकलने निघाले होते, पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. मामांना मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली. सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी त्यांनी नेहमीसारखी घेतली होती, पण चंद्रोदयापर्यंत उपवास म्हणून दिवसभरात मूठभर शेंगदाणे आणि बिनसाखरेचा चहा, एवढंच पोटात होतं. संध्याकाळी निघताना मामींनी आग्रहाने बोटाला सुई टोचून शुगर बघायला लावली. मीटरवर ८४ आलं. मामा खूश. "बघ, एकदम नॉर्मल," म्हणाले आणि किक मारली.

रिपोर्टवर ८४ चांगलंच. गाडी चालवायला मात्र ते पुरेसं नाही, आणि हा फरक बहुतेक मधुमेहींना कोणी सांगितलेलाच नसतो. मीटर सांगतो ती शुगर त्या क्षणाची. ती वर चालली आहे की खाली, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात, तुम्ही जेवलात की नाही हे न बघता. इन्सुलिनचं इंजेक्शनही एकदा घेतलं की आपलं काम करतच राहतं. म्हणजे मामा ८४ वर निघाले तेव्हा शुगर उतरणीला लागलेली होती आणि तिला थांबवणारं पोटात काही नव्हतं. ज्यांना फक्त मेटफॉर्मिन चालू आहे त्यांची शुगर अशी एकदम कोसळणं क्वचितच घडतं. हा लेख मुख्यतः इन्सुलिन आणि वरच्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी आहे.

ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना गाडी काढण्यापूर्वी दोन तासांच्या आत शुगर तपासायला सांगतात, आणि लांबच्या प्रवासात पुन्हा दर दोन तासांनी. आपल्या मीटरच्या भाषेत तिथली रेषा ९० ची आहे. ९० च्या वर असाल तर निघा. ७० ते ९० च्या मध्ये असाल तर आधी काहीतरी खा, एखादं केळं किंवा पोळीभाजी, थोडं थांबा, पुन्हा तपासा आणि मगच निघा. ७० किंवा त्याखाली असाल तर गाडीला हातच लावायचा नाही, आधी उपचार. मामांनी त्या दिवशी निघण्यापूर्वी एक केळं खाऊन पुन्हा बोट टोचलं असतं, तर पुढचं बहुधा टळलं असतं.

पुढचं असं झालं. उंब्रजच्या अलीकडे मामींच्या लक्षात आलं की गाडी उगाच हळू होतेय, मग एकदम वेग घेतेय. मामांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती, हवा गार असूनही. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, "अहो, गाडी बाजूला घ्या." मामा खेकसले, "काही झालं नाही मला! ढाबा आला की थांबतो." मामा एरवी कधी आवाज चढवत नाहीत. त्या खेकसण्यानेच मामींना खात्री पटली.

शुगर उतरायला लागली की आधी शरीर सूचना देतं: घाम, हाताला कंप, धडधड, कडकडीत भूक. त्याकडे दुर्लक्ष झालं की मेंदूला इंधन कमी पडतं आणि पहिल्यांदा जातो तो निर्णय. म्हणजे थांबायला हवं हे ज्या मेंदूने ठरवायचं, तोच अडखळलेला असतो. म्हणून ढाब्याची, पंपाची, पुढच्या चौकाची वाट बघायची नाही. शंका आली, की पहिल्या सुरक्षित जागी थांबायचं. खूप वर्षांच्या मधुमेहात किंवा वरचेवर शुगर कमी होणाऱ्यांत या सूचना येईनाशा होतात. तसं होत असेल, तर डॉक्टरांनी परत हो म्हणेपर्यंत गाडी दुसऱ्याने चालवावी.

दुचाकी असेल तर मागचा आरसा बघा, डावा इंडिकेटर द्या, एकदम ब्रेक न दाबता वेग कमी करत डावीकडे या. सर्व्हिस रोड जवळ असेल तर उत्तम. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी स्टँडवर. आणि गाडीवर बसून राहू नका, तोल जाऊन गाडीसकट पडाल. रस्त्यापासून दूर जाऊन जमिनीवर बसा, मग हेल्मेट काढा. चारचाकी असेल तर चारही दिवे लुकलुकते ठेवा, इंजिन बंद करून किल्ली काढा आणि डाव्या दाराने उतरा किंवा शेजारच्या सीटवर सरका. चालकाच्या जागेवर बसून राहिलं की अर्धवट शुद्धीतला माणूस पुन्हा गाडी सुरू करू शकतो.

मामींनी त्यांना सर्व्हिस रोडच्या कडेला बसवलं. मीटरवर ५६. मामींच्या पर्समध्ये पेढे होते, पण त्यांनी ते दिले नाहीत. पेढा, चॉकलेट, बिस्किट यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. लागते ती पटकन भिनणारी १५ ग्रॅम साखर, म्हणजे पाण्यात विरघळवलेली तीन चमचे ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी ७१. पुन्हा तेवढीच पावडर. आणखी पंधरा मिनिटांनी १०४. दर वेळी मामींनी त्यांचं बोट बाटलीतल्या पाण्याने धुऊन पुसलं, कारण बोटाला ग्लुकोजचा कण लागलेला असला तर मीटर खोटा मोठा आकडा दाखवतो. दंडावर सेन्सर लावणाऱ्यांनीही अशा वेळी बोट टोचावं. सेन्सरचा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो.

१०४ बघताच मामा उठले, "चला, निघू." इथेच दुसरी चूक होते. आकडा सावरला तरी मेंदू लगेच सावरत नाही. शुगर ९० च्या वर आल्यापासून किमान ४५ मिनिटं गाडी चालवायची नाही. शिवाय गोळीचा असर तासन्तास टिकत असल्याने शुगर पुन्हा उतरू शकते, म्हणून वर पोटभर काहीतरी खावं लागतं. मामींनी उपवास तिथेच सोडायला लावला आणि भाच्याला फोन केला. तो कराडहून मित्राला घेऊन आला. मोटरसायकल मित्राने नेली, मामा-मामी त्याच्या गाडीतून गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी उपवासाच्या दिवसाची गोळी बदलून दिली.

माणूस बेशुद्ध झाला तर तोंडात पाणी किंवा साखर घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

ग्लुकोज पावडर डिकीत नको, हात पोचेल अशा खिशात ठेवा. मीटरच्या पट्ट्या मात्र उन्हात तापणाऱ्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका, उष्णतेने त्या बिघडतात. आणि आजच आपल्या गोळ्यांचं पाकीट उलटं करून नावं वाचा. त्यात व्होग्लिबोस किंवा अकार्बोस असेल, तर घरातली साखर, गूळ किंवा सरबत तुम्हाला वेळेवर वाचवणार नाही. त्या गोळ्या साखरेचं विघटनच लांबवतात. तुम्हाला लागेल ते फक्त ग्लुकोज.