शटर बंद, नकाशावर उघडं

पुण्याच्या सदाशिव पेठेतली थाळीची एखादी खानावळ डोळ्यासमोर आणा. सकाळी 11 ते दुपारी 3 आणि संध्याकाळी 7 ते रात्री साडेदहा अशी तिची वेळ. रविवारी रात्री बंद, सोमवारी पूर्ण बंद. दारावरच्या पाटीवर हे सगळं ठसठशीत लिहिलेलं असतं, वर ‘पुन्हा विचारू नये’ हेही. गूगल मॅप्सवर मात्र तीच खानावळ आठवड्याचे सातही दिवस सकाळी अकरापासून रात्री साडेदहापर्यंत उघडी दिसते. चिंचवडहून आलेलं कुटुंब मंगळवारी दुपारी साडेतीनला शटरसमोर उभं राहतं आणि तिथूनच एक तारा देऊन मोकळं होतं.

चूक क्षुल्लक असते. माहिती भरताना कुणीतरी फक्त पहिली उघडण्याची आणि शेवटची बंद करण्याची वेळ टाकलेली असते. खरं तर गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये एकाच दिवसासाठी वेळेचे दोन-तीन टप्पे भरता येतात आणि प्रत्येक वार वेगळा मांडता येतो. दुपारच्या वामकुक्षीवरून पुण्याची कितीही चेष्टा होत असली, तरी नकाशाला ती सांगितल्याशिवाय कळत नाही.

बरं, एकदा नीट भरलं म्हणून काम संपत नाही, कारण नकाशावरचं ते पान एकट्या मालकाच्या हातात नसतं. गूगल मॅप्स वापरणाऱ्या कुणालाही ‘Suggest an edit’ हा पर्याय खुला असतो. शटर पाहून वैतागलेला माणूस वेळ बदलून सुचवू शकतो, दुकान कायमचं बंद झालंय असंही कळवू शकतो. गूगल इतर ठिकाणांहूनही माहिती गोळा करतं आणि पटली तर पानावर लावून टाकतं. मालकाच्या प्रोफाइलमध्ये हे बदल वेगळे दाखवलेले असतात, ते मान्य किंवा अमान्य करता येतात. पण त्यासाठी प्रोफाइल उघडून बघावं लागतं. एरवी भरलेल्या दुपारी अचानक टेबलं रिकामी दिसायला लागली, तर मालकाने सगळ्यात आधी आपलंच नाव नकाशावर शोधावं. तिथे लाल अक्षरांत ‘Permanently closed’ दिसलं, तर कारण सापडलंच.

महिनाभर गावाला जायचं असेल किंवा भटारखान्याची दुरुस्ती काढली असेल, तर ‘Temporarily closed’ वापरावं. बरेच जण त्याऐवजी सातही वार ‘बंद’ करून ठेवतात. मग परत आल्यावर सगळ्या वेळा पहिल्यापासून भराव्या लागतात आणि त्यातलाच एखादा वार चुकून बंद राहून जातो.

सणावारांसाठी नेहमीच्या वेळापत्रकाला हात लावायचा नसतो. त्यासाठी ‘Special hours’ आहे: तारीख निवडायची, त्या दिवसापुरती वेळ द्यायची, दुसऱ्या दिवशी जुनं वेळापत्रक आपोआप परत येतं. दिवाळीत नेहमीचीच वेळ राहणार असली तरी तीही इथे भरून ठेवलेली बरी. नाहीतर सणाच्या दिवशी वेळ बदललेली असू शकते असा इशारा पानावर येतो आणि दोन खानावळींमध्ये घुटमळणारा माणूस दुसरीकडे जातो. हे सगळं आदल्या रात्री करू नये. बदल कधी काही मिनिटांत दिसतो, कधी तपासणीत दोन-तीन दिवस अडकतो.

नकाशा आणि डिलिव्हरी अॅप यांच्या वेळा एकसारख्याच हव्यात, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. अनंत चतुर्दशीचंच बघा. लक्ष्मी रोड, टिळक रोड, कुमठेकर रोड, केळकर रोड मिरवणुकीने भरलेले असतात. पेठेतल्या खानावळीला त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत गिऱ्हाईक असतं, पण दुचाकीवरून येणारा डिलिव्हरीवाला दारापर्यंत पोचूच शकत नाही. त्या दिवशी नकाशावर वेळ वाढवायची आणि झोमॅटो-स्विगी बंद ठेवायचे. दुकान एकच, तारीख एकच, आणि दोन्हीकडे माहिती वेगळी असूनही दोन्हीकडे खरी.

रोजच्या रात्रीचंही तसंच. खानावळ साडेदहाला बंद होते म्हणून अॅपवरही साडेदहा टाकलं, की 10 वाजून 28 मिनिटांनी दोन थाळ्यांची ऑर्डर येते. तोवर शेगडी विझलेली असते, कणीक संपलेली असते. ऑर्डर नाकारली की तिची नोंद खानावळीच्या खात्यावर होते, आणि सारख्या ऑर्डरी नाकारल्या जात असतील तर अॅप दुकान तात्पुरतं बंदही करू शकतं. म्हणून अॅपवरची वेळ भटारखान्याच्या घड्याळाने ठरवावी. शेवटची पोळी दहा वाजता लाटली जात असेल, तर अॅप पावणेदहालाच बंद व्हायला हवं.

पदार्थ संपला की तो ‘स्टॉक संपला’ म्हणून बंद करायचा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण बंद करताना अॅप विचारतं, परत कधी चालू करायचा? काही तासांनी, उद्या, की तुम्ही स्वतः चालू कराल तेव्हा? घाईत शेवटचा पर्याय दाबला जातो. मग एका रात्री संपलेली पुरणपोळी आठवडाभर अॅपवरून गायब राहते आणि तिची मागणी का घटली हे गल्ल्यावर कुणालाच उमगत नाही. आमरसाचं नेमकं उलटं होतं. आंबा संपतो, पण जून उलटला तरी आमरस यादीत तसाच झळकत राहतो.

दरांचा घोळ बहुतेक वेळा फोटोंमुळे होतो. 2021 साली कुणा गिऱ्हाइकाने मेनूकार्डाचा फोटो काढून मॅप्सवर टाकला. तेव्हा थाळी समजा 120 रुपयांची होती. आज ती 180 झाली, पण फोटो तिथेच आहे. गल्ल्यावर वाद होतो, ‘नेटवर तर एकशेवीस दाखवताय’. गिऱ्हाइकाने टाकलेला फोटो मालकाला पुसता येत नाही. नियमात बसत नसेल तर तक्रार करता येते, पण त्यातला दर जुना आहे एवढ्यावर तो निघेलच असं नाही. यावर उपाय म्हणजे दर वाढवले त्याच दिवशी नव्या कार्डाचा स्वच्छ, सरळ फोटो मालकाच्या खात्यातून टाकायचा आणि प्रोफाइलमधल्या मेनूतही पदार्थ व किमती भरायच्या. शिवाय कार्डाच्या कोपऱ्यात ‘अमुक महिन्यापासून लागू’ असं छापून घ्यावं. मग जुना फोटो दाखवणाऱ्याला तारखेवर बोट ठेवून सांगता येतं.

अॅपवरच्या पदार्थांच्या फोटोंना आणखी एक पथ्य आहे. दुकानात ताटात वाढलेली थाळी सुरेख दिसते: वाटीत श्रीखंड, कडेला पापड, मधोमध फुललेली पोळी. पार्सलमध्ये श्रीखंड जाणार नसेल, तर ते फोटोतही नको. गिऱ्हाईक आलेल्या डब्याचा फोटो काढून तक्रार करतं, पैसे परत मागतं, आणि तिथे अॅपवरचं आपलंच चित्र आपल्याविरुद्ध साक्ष देतं. मॅप्ससाठी मात्र ताटाइतकाच दर्शनी भागाचा फोटो हवा: भर उजेडात, रस्त्यापलीकडून, पाटी आणि शेजारचा बोळ दोन्ही दिसतील असा. वाड्याच्या आतल्या अंगाला असलेली खानावळ त्यावरूनच सापडते.

हे सगळं करायचं ते कुणाच्या खात्यातून, हे मात्र आधी बघून घ्यावं. अनेक खानावळींचं प्रोफाइल भाच्याने किंवा सोडून गेलेल्या मॅनेजरने स्वतःच्या ईमेलवरून सुरू केलेलं असतं. तसं असेल तर गूगलकडे मालकी हक्काची विनंती करता येते. सध्याच्या खातेधारकाला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात आणि तो गप्प राहिला तर पडताळणी करून प्रोफाइल आपल्याकडे घेण्याची सोय असते. पडताळणीत बहुधा पाटी, रस्ता आणि आतला भटारखाना दाखवणारा व्हिडिओ मागतात. पाटीवरचं नाव आणि प्रोफाइलमधलं नाव तेव्हा जुळायला हवं. ‘पुण्यातली सर्वोत्तम शुद्ध शाकाहारी थाळी’ असलं शेपूट नावाला जोडलेलं असेल, तर ते आधी काढून टाकावं. गूगलच्या नियमांत ते बसत नाही आणि त्यापायी अख्खं प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.