आयडी कार्डच्या फोटोचा दिवस

कंपनीत नवी ओळखपत्रं करायचं ठरलं की एचआर विभाग बहुतेक वेळा एक वाक्याची नोटीस लावतो : शुक्रवारी फोटोग्राफर येणार आहे, सर्वांनी फोटो काढून घ्यावेत. मग दहा वाजता कॅन्टीनबाहेर पन्नास जणांची रांग लागते, सुपरवायझर लाइन बंद पडली म्हणून ओरडतो आणि दुपारी दोननंतर फोटोग्राफर रिकामा बसतो. दुसऱ्या पाळीचे लोक येतात तोवर तो सामान आवरून गेलेला असतो. ऑफिसात एकवेळ हे खपून जातं. पाळ्यांवर चालणाऱ्या कारखान्यात मात्र या दिवसाचं गणित आधी कागदावर मांडावंच लागतं.

समजा, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात १२० माणसं आहेत. पहिल्या पाळीत ४० (सकाळी ७ ते ३.३०), दुसरीत ४० (३.३० ते रात्री १२) आणि जनरल शिफ्टला ४०. एका माणसाला साधारण दोन मिनिटं लागतात : यायचं, खुणेवर उभं राहायचं, दोन-तीन फोटो आणि स्क्रीनवर एक नजर. म्हणून दहा मिनिटांना चार जण बोलवावेत. पण तासातली शेवटची दहा मिनिटं मोकळी ठेवावीत. कुणी उशिरा येतो, कुणाचे डोळे मिटतात, कधी बॅटरी बदलावी लागते. ही मोकळी जागा नसली की सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो. म्हणजे तासाला वीस जण.

आता पाळ्या बसवू. साडेनऊ ते साडेअकरा पहिली पाळी, कारण दुपारपर्यंत चेहऱ्यावर घाम आणि हातांवर ग्रीस चढतं. त्यानंतर साडेबारापर्यंत वीस आणि जेवणानंतर दीड ते अडीच उरलेले वीस, असे जनरलचे चाळीस. दुसऱ्या पाळीसाठी चार ते सहा. चार जण एकाच लाइनवरून उचलू नयेत. प्रत्येक सुपरवायझरला नावांसह यादी द्यावी आणि कुणाला कधी सोडायचं ते त्यानेच ठरवावं. मशीन कोणतं थांबवता येतं हे एचआरपेक्षा त्याला जास्त कळतं.

कपड्यांबद्दल लोक संकोचाने विचारतात, म्हणून नोटिशीतच स्पष्ट लिहावं. कार्डवरचा फोटो जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो. एवढ्याशा चौकटीत पांढऱ्या पडद्यासमोर पांढरा शर्ट घातला की खांदे पडद्यात विरून जातात आणि नुसता चेहरा तरंगतो. बारीक चौकडीचा शर्ट छपाईत गढूळ दिसतो. गडद, एकरंगी कपडा सगळ्यात बरा. साडी असेल तर चकचकीत जर टाळावी. गणवेश फिकट निळा असेल तर पडदा निळा लावू नका. १२० शर्टांपेक्षा एक पडदा बदलणं सोपं. टोपी काढायला सांगावी. पगडी, हिजाब मात्र तसाच राहू द्यावा, कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा दिसला की पुरे. रोज चष्मा लावणाऱ्याचा फोटो चष्म्यासहच घ्यावा, कारण गेटवरचा सुरक्षारक्षक त्याला तसाच ओळखतो. काचेवर दिवा चमकला तर दिवा वर न्यावा. पडद्यापासून चार-पाच फूट पुढे उभं केलं की मागे सावली पडत नाही. जवळच आरसा, कंगवा आणि ओले टिश्यू ठेवावेत.

सगळ्यात महाग पडणारी चूक कॅमेऱ्याची नसते, नावांची असते. एकाचा चेहरा दुसऱ्याच्या कार्डवर गेला की दोन्ही कार्डं बाद होतात. प्रत्येकाने पहिल्या फोटोत आपल्या कर्मचारी क्रमांकाची चिठ्ठी छातीशी धरावी, पुढचे फोटो चिठ्ठीविना. फाइलला नाव त्याच क्रमांकाचं द्यावं, म्हणजे 1047.jpg असं. नुसती नावं चालत नाहीत, एका खात्यात दोन संतोष पाटील असतातच.

राहिलेल्यांची तारीख नंतर बघू, असं म्हणू नये. ती पहिल्याच नोटिशीत छापावी, पण ती रजेवर किंवा आजारी असलेल्यांसाठी आहे हेही लिहावं, नाहीतर अर्धे लोक तिच्यावरच विसंबतात. वार वेगळा असावा, कारण साप्ताहिक सुट्टीमुळे हुकलेला माणूस त्याच वारी पुन्हा हुकतो. वेळ तीन ते चार ठेवली की पाळी संपवणारे आणि सुरू करणारे, दोघंही सापडतात. त्या तासात वीस जण बसतात. दिवे आणि उभं राहायची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून तिचे फोटो काढून ठेवावेत, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे चेहरे वेगळ्या उजेडातले वाटत नाहीत.

पर्यायी तारीख उलटून प्रत्येकाने आपला फोटो, नाव आणि क्रमांक पाहून सही करेपर्यंत छपाईची ऑर्डर देऊ नका.