तिरकी पट्टी आणि सात भाग

फळी २३ सेंटीमीटर रुंद होती आणि तिच्या उभ्या सात सारख्या पट्ट्या हव्या होत्या. मी मोबाइल काढून भागाकार केला. ३.२८५७ आणि पुढे न संपणारे आकडे. पट्टीवर हे मोजायचं कुठे? सुतारकाकांनी मोबाइलकडे बघितलंही नाही. त्यांनी मोजपट्टीचं शून्य फळीच्या एका कडेवर टेकवलं, पट्टी तिरकी करत २८चा आकडा समोरच्या कडेवर आणला आणि ४, ८, १२ असं २४पर्यंत दर चारावर पेन्सिलीचा ठिपका दिला. हातभर पुढे तेच पुन्हा केलं आणि ठिपके जोडले.

“हे कुठं शिकलात, काका?”

“वस्तादानं दाखवलं होतं. का होतं ते तुम्ही सांगा, शिकलेले आहात.”

त्याचं ‘का’ दहावीच्या भूमितीत ‘समरूपता’ या प्रकरणात आहे. प्रमाणाचे मूलभूत प्रमेय सांगतं: त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा काढली आणि तिनं उरलेल्या दोन बाजूंना वेगवेगळ्या बिंदूंत छेदलं, तर त्या दोन्ही बाजू एकाच प्रमाणात विभागल्या जातात. समजा ABC त्रिकोणात AB वर P आणि AC वर Q आहे, आणि PQ ही BC ला समांतर आहे. तर AP : PB = AQ : QC.

गंमत अशी, की प्रश्न लांबीचा असला तरी सिद्धता क्षेत्रफळाची आहे. युक्लिडनं ‘एलिमेंट्स’च्या सहाव्या भागात हाच मार्ग धरला. BQ आणि CP जोडा. आता APQ आणि PBQ हे त्रिकोण पाहा. त्यांचे पाये AP आणि PB एकाच रेषेवर आहेत आणि शिरोबिंदू Q दोघांचा एकच, म्हणजे उंचीही एकच. उंची सारखी असेल तर क्षेत्रफळांचं गुणोत्तर पायांइतकं, म्हणजे AP : PB. दुसऱ्या बाजूनं, P हा शिरोबिंदू धरून, APQ आणि QCP यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर AQ : QC येतं. राहिले PBQ आणि QCP. दोघांचा पाया PQ. B आणि C ज्या रेषेवर आहेत ती PQ ला समांतर, म्हणून दोघांची उंची सारखी आणि क्षेत्रफळही सारखं. एकाच APQ ला दोन सारख्या क्षेत्रफळांनी भागलं, तर उत्तर एकच येणार. सिद्धता संपली. समांतरपणा फक्त या शेवटच्या पायरीत लागला. तो काढून घेतला तर सगळं कोसळतं.

मुलांचं पाऊल घसरतं ते मात्र याच्या पुढे. AP = ४, PB = ६, BC = १५ असेल तर PQ किती? पुष्कळजण ४ : ६ लावून १० लिहितात. बरोबर उत्तर ६ आहे, कारण PQ : BC हे AP : AB इतकं असतं, AP : PB इतकं नाही. पडताळा सोपा आहे. P खाली B जवळ सरकवत न्या. AP : PB वाटेल तेवढं वाढतं, पण PQ कधीच BC पेक्षा मोठी होत नाही.

आता फळीकडे. तिथे त्रिकोण दिसत नाही, तो काढावा लागतो. तीन समांतर रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या दोन छेदिका घ्या, एकीवर बिंदू A, B, C आणि दुसरीवर P, Q, R. तिरका AR जोडा. तो मधल्या रेषेला D मध्ये छेदतो. ACR त्रिकोणात AB : BC = AD : DR. ARP त्रिकोणात AD : DR = PQ : QR. मधला दुवा गाळला की AB : BC = PQ : QR. फळीच्या दोन कडा आणि ठिपक्यांमधून जाणाऱ्या समांतर रेषा म्हणजे आपल्या समांतर रेषा. तिरकी पट्टी ही एक छेदिका आणि फळीची सरळ रुंदी ही दुसरी. पट्टीवर चार-चारचे सात भाग सारखे, म्हणून रुंदीवरचेही सात सारखे. २३ला ७नं भागायची गरजच पडली नाही.

फळी एका टोकाला निमुळती असेल तर ही युक्ती फसते. तिथेही ठिपके समान अंतरावर पडतील, पण जोडलेल्या रेषा समांतर नसतील आणि पट्ट्याही निमुळत्या निघतील. म्हणून काकांनी आधी दोन्ही टोकांची रुंदी मोजून घेतली होती.

कापल्यावर मात्र कडेच्या दोन पट्ट्या मिलिमीटरभर रुंद भरल्या. करवतीचा काप दोन मिलिमीटरचा होता आणि तो बरोबर रेषेवर धरला होता. मधल्या पाच पट्ट्यांचं दोन्ही अंगांनी एकेक मिलिमीटर गेलं, कडेच्यांचं एकाच अंगानं. काकांनी काही न बोलता त्या दोघींवर रंधा मारला.