मुंगी अडली, पण बाष्प शिरले

पावसाळ्यात तुमच्या स्वयंपाकघरात एखादा डबा पाणी घातलेल्या परातीत ठेवलेला तुम्ही पाहिला असेल. त्या डब्यात बहुधा गूळ असतो, नाहीतर लाडू. मुंग्यांनी तेथवर पोहोचू नये म्हणून केलेला हा खंदक! माझी आईही असेच करीत असे. एका वर्षी तिने मे महिन्यात दहा किलोंची गुळाची ढेप घेतली, फोडून पत्र्याच्या डब्यात भरली आणि डबा पाण्याच्या परातीत ठेवला. गणपतीच्या मोदकांसाठी तिने भाद्रपदात झाकण उघडले, तेव्हा आत एकही मुंगी नव्हती. पण गुळाला पाझर फुटून तळाशी काकवीसारखा पाक साचला होता, आंबूस वास येत होता आणि वरच्या खड्यांवर फिकट तपकिरी धूळ बसली होती. आईने ती धूळ बोटाने पुसली आणि दचकून हात मागे घेतला, कारण ती धूळ हलत होती! दहा किलो गुळातील निम्म्याहून अधिक त्या दिवशी फेकून द्यावा लागला.

मुंगी एकही शिरली नाही, मग गूळ खराब कशाने झाला? आणि त्याच फळीवर, तशाच डब्यात ठेवलेली साखर मात्र कोरडी कशी राहिली?

हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते. एका ठरावीक तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प मावू शकते, त्याच्या शेकडा किती भाग बाष्प प्रत्यक्षात आहे, त्याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. उन्हाळ्यात पुण्यासारख्या गावी दुपारी ती 30 टक्क्यांच्याही खाली जाते. जुलै महिन्यात कोकणात ती 85 च्या आसपास किंवा त्याहूनही वर असते.

आता साखरेचा एक दाणा डोळ्यांसमोर आणा. हवेतील पाण्याचे काही रेणू त्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतात आणि काही पुन्हा उडून जातात. हवा कोरडी असेल, तर उडून जाणारे अधिक असतात आणि दाणा कोरडाच राहतो. हवा दमट असेल, तर येणारे अधिक होतात. दाण्यावर पाण्याचा पातळ थर जमतो, त्यात थोडी साखर विरघळते आणि दाण्याभोवती दाट पाक तयार होतो. पाकातील पाण्याच्या रेणूंना साखरेने धरून ठेवलेले असते, त्यामुळे ते सहजासहजी सुटत नाहीत. म्हणून पाक आणखी पाणी ओढतो, आणि आणखी साखर विरघळते. एकदा सुरू झालेली ही क्रिया हवा कोरडी होईपर्यंत चालूच राहते.

ही क्रिया कोणत्या आर्द्रतेला सुरू होईल, याचा प्रत्येक पदार्थाचा एक उंबरठा असतो. आपल्या नेहमीच्या साखरेचा उंबरठा सुमारे 85 टक्के आहे. मिठाचा 75 टक्के आहे, म्हणूनच पावसाळ्यात साखरेच्या आधी मिठाला पाणी सुटते.

गूळ म्हणजे नुसती साखर नव्हे. उसाचा रस काहिलीत तासन् तास उकळत असताना रसातील आम्लामुळे काही साखरेचे तुकडे पडतात आणि त्यातून द्राक्षशर्करा व फलशर्करा अशा दोन साध्या शर्करा तयार होतात. गुळात या दोन्ही मिळून साधारण 10 टक्के किंवा थोड्या अधिक असतात. यांतील फलशर्करा पाण्याची फार लोभी आहे. तिचा उंबरठा 60 च्या थोडाच वर आहे. शिवाय निरनिराळ्या शर्करा एकत्र आल्या, की मिश्रणाचा उंबरठा आणखी खाली येतो. त्यात गुळातील क्षारांची भर पडते. त्यामुळे साठ-पासष्ट टक्के आर्द्रतेपासूनच गूळ पाणी ओढू लागतो. आईच्या फळीवरची साखर का वाचली आणि गूळ का पाझरला, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

मुंग्यांचाही या पाझराशी संबंध आहे. मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाही, ती द्रवच पिते. कोरडा साखरेचा दाणा तिला लाळेने भिजवून चाटावा लागतो, किंवा उचलून वारुळात न्यावा लागतो. पाझरलेला गूळ म्हणजे तिच्यासाठी तयार सरबतच! एका मुंगीला त्याचा पत्ता लागला, की परतताना ती वाटेवर गंधाची रेघ ओढत जाते आणि बाकीच्या त्या रेघेवरून येतात. म्हणूनच नुसत्या मुंग्या झटकून भागत नाही. ती वाट साबणाच्या पाण्याने पुसावी लागते.

पण त्या हलणाऱ्या धुळीचे काय? ते होते माइट. हे कीटक नव्हेत. पिकावरील माइटना शेतकरी ‘कोळी’ म्हणतात ते योग्यच आहे, कारण कोळ्याप्रमाणे यांना आठ पाय असतात. साठवलेल्या अन्नातील माइट बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतो. ओलसर गुळावर यीस्ट आणि बुरशी वाढतात. आईला आलेला आंबूस वास यीस्टचाच होता. ही वाढ काही माइटना फार आवडते. विशेष म्हणजे अशा माइटना पाणी पिण्याची गरज पडत नाही. ते हवेतील बाष्पच अंगात शोषून घेतात. मात्र त्यासाठी आर्द्रता साधारण 65 ते 70 टक्क्यांच्या वर असावी लागते. त्याहून कोरड्या हवेत ते हळूहळू सुकून मरतात. म्हणजे जी हवा गुळाला पाझर फोडते, तीच माइटना जगवते!

परातीतील पाणी त्यांना अडवू शकत नाही, कारण ते बाहेरून चालत येत नाहीत. दुकानातील गोणपाटातून किंवा डब्याच्या सांध्यात राहिलेल्या जुन्या कणांतून ते आधीच आत आलेले असतात. उलट त्या परातीने एक नुकसानही केले. पाण्याची सतत वाफ होत होती, आणि डब्याचे झाकण सैल होते. मुंगी अडली, पण बाष्प शिरले.

बाष्प किती शिरते, याचा हिशेब करून पाहू या. 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम बाष्प मावते. एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. दहा लिटरचा डबा निम्मा भरला असेल, तर आत 5 लिटर हवा राहील. बाहेरची आर्द्रता 90 टक्के धरू. गूळ त्यातील 65 टक्क्यांच्या वरचेच बाष्प ओढू शकतो, म्हणजे 25 टक्के.

5 लिटर हवेत जास्तीत जास्त मावणारे बाष्प = 0.15 ग्रॅम
त्याचे 25 टक्के = सुमारे 0.04 ग्रॅम

पाण्याचा एक थेंब साधारण 0.05 ग्रॅमचा असतो. म्हणजे डबा एकदा उघडून घट्ट लावला, तर गुळाला एक थेंबही पाणी मिळत नाही. याउलट धुतलेला चमचा न पुसता डब्यात घातला, तर पाच-सहा थेंब एकदम आत जातात. आणि झाकण सैल असेल, तर हवेची ये-जा रात्रंदिवस चालूच राहते. दिवसा डब्यातील हवा तापून बाहेर पडते, रात्री डबा निवला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. चार महिने डबा जणू श्वास घेत असतो.

गूळ कसा ठेवावा, हे या हिशेबातूनच निघते. तो पावसाळ्यापूर्वी, कोरड्या दिवशी, उन्हात वाळवलेल्या डब्यात भरावा. खडे मोठे ठेवावेत, कारण चुरा केला की हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग वाढतो. झाकण घट्ट बसणारे हवे. रोजच्या वापरासाठी आठवडाभराचा गूळ लहान बरणीत काढावा आणि मोठा डबा बंदच ठेवावा. चमचा आणि हात कोरडे हवेत. मुंग्यांसाठी परात ठेवायचीच असेल, तर आधी झाकण घट्ट आहे ना ते पाहावे. डबा भिंतीला टेकू देऊ नये, आणि पाण्यावर धूळ जमू देऊ नये, नाहीतर मुंग्यांना पूल मिळतो. पाण्यात थोडा साबण मिसळला, तर पृष्ठताण कमी होऊन मुंगी तरंगू शकत नाही.

मात्र घट्ट झाकणालाही मर्यादा आहे. गूळ मुळातच ओला असेल, तर ते ओल आत कोंडून ठेवते. म्हणून भरण्यापूर्वी एक खडा फोडून पाहावा. कोरडा गूळ टणक असतो आणि कटकन तुटतो. ओला गूळ दाबल्यावर वाकतो व बोटाला चिकटतो. असा गूळ साठवू नये, लवकर संपवावा. पेढे-बर्फीलाही हा उपाय लागू नाही. खव्यात स्वतःचेच पाणी असते, म्हणून ती मिठाई शीतकपाटात ठेवून थोड्या दिवसांत संपवावी. गुळाचा डबा शीतकपाटात ठेवला असेल, तर बाहेर काढल्याबरोबर उघडू नये. गार गुळावर हवेतील बाष्पाचे दव जमते.

डब्यात माइट आहेत का, हे असे ओळखा. तळाची धूळ काळ्या कागदावर घ्या, तिचा लहानसा ढीग करा आणि वारा लागू न देता अर्ध्या तासाने पाहा. ढीग आपोआप पसरला, तर ती धूळ जिवंत आहे. भिंग असेल तर पायही दिसतील. असा गूळ खाऊ नये. माइटमुळे काहींच्या अंगाला खाज सुटते, आणि ते पोटात गेल्यास काहींना तीव्र ॲलर्जी होते. काही जातींची एक विश्रांतीची अवस्था कोरड्या हवेतही तग धरते, म्हणून रिकामा डबा नुसता झटकू नका. मोठ्या माणसांच्या मदतीने तो उकळत्या पाण्याने धुवा आणि कडक उन्हात वाळवा.

आता एक प्रयोग करा. झाकणाच्या दोन रुंद बरण्या घ्या. पहिलीच्या तळाशी थोडे साधे पाणी ओता. दुसरीत भरपूर मीठ थोड्या पाण्यात कालवून त्याचा लगदा घाला. न विरघळलेले मीठ त्यात दिसले पाहिजे. अशा लगद्यावरील बंद हवेची आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिर राहते. प्रत्येक बरणीत एक लहान वाटी पालथी घाला आणि तिच्यावर बाटलीच्या दोन झाकणांत साखर व गुळाचा खडा ठेवा. बरण्या घट्ट लावून चार-पाच दिवसांनी पाहा. पहिल्या बरणीत गूळ आणि साखर दोन्ही ओली झालेली असतील. दुसरीत फक्त गूळ पाझरलेला असेल, साखर मात्र कोरडी! शाळेतील तराजूवर झाकणे आधी आणि नंतर तोला, म्हणजे गुळाने किती पाणी ओढले तेही कळेल. शिक्षकांकडून कॅल्शियम क्लोराइड मिळाले, तर तळाशी ते घालून तिसरी बरणी मांडा. तिच्यातील गुळाचे वजन वाढेल, की घटेल? आधी तर्क वहीत लिहून ठेवा आणि मगच झाकण उघडा.