रहिवासी दर्जा: एका दिवसाने फिरणारे गणित

मागच्या व्याख्यानात आपण उत्पन्नाची पाच शीर्षके पाहिली. आज त्याच्या आधीचा प्रश्न घेऊ. एखाद्या माणसाचं कोणतं उत्पन्न भारतात करपात्र आहे, हे ठरवायचं कसं? ते ठरतं त्याच्या रहिवासी दर्जावरून, आणि दर्जा ठरतो तो भारतात किती दिवस राहिला त्यावरून. नागरिकत्वाचा पासपोर्ट कुठल्या देशाचा, एवढ्यावर हे ठरत नाही. भारतीय नागरिक अनिवासी असू शकतो आणि परदेशी नागरिक रहिवासी असू शकतो.

आपण आज फक्त व्यक्तीचा विचार करणार आहोत, आणि १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ६ च्या आधारे २०२४-२५ या वर्षाचं एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवणार आहोत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होतो, त्यात 'कर वर्ष' हा शब्द येतो, पण दिवस मोजण्याच्या कसोट्या त्याच आहेत.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. 'मागील वर्ष' म्हणजे प्रीव्हियस इयर, ज्या वर्षातलं उत्पन्न आपण मोजतो ते. आपल्या उदाहरणात ते १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. 'त्याआधीची चार वर्षे' म्हणजे २०२०-२१ ते २०२३-२४. पेपर तपासताना दिसतं, की काही मुलं मागील वर्षालाच चारपैकी एक धरतात आणि तिथूनच सगळी बेरीज चुकते.

दोन मूळ कसोट्या

व्यक्ती रहिवासी ठरते, जर खालीलपैकी एक तरी अट पूर्ण झाली:

१. मागील वर्षात ती भारतात १८२ दिवस किंवा जास्त होती.
२. मागील वर्षात ती ६० दिवस किंवा जास्त होती, आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस किंवा जास्त होती.

दुसऱ्या अटीचे दोन भाग आहेत, आणि दोन्ही हवेत. दोन्हीपैकी एकही अट पूर्ण झाली नाही, तर ती व्यक्ती अनिवासी.

आता उदाहरण घेऊ. श्री. अ हे भारतीय नागरिक, मूळचे रत्नागिरीचे, जन्मापासून भारतातच राहिलेले. पुण्यातली नोकरी सोडून २० सप्टेंबर २०२४ रोजी ते दुबईला नोकरीसाठी निघाले. शिमग्याला गावी यायचं म्हणून १० मार्च २०२५ ला भारतात आले आणि १७ मार्चला परत गेले. त्यांचा दर्जा काय?

प्रथम दिवस मोजू. एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे २०. एकूण १७३. परीक्षेत निघण्याचा दिवस आणि येण्याचा दिवस, दोन्ही भारतातलेच धरायचे. म्हणून मार्चच्या भेटीचे दिवस १० ते १७ असे मोजताना सतरातून दहा वजा करून सात लिहू नका. बोटांवर मोजा: दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा. आठ झाले. १७३ आणि ८ मिळून १८१.

१८२ ला एक दिवस कमी, म्हणजे पहिली अट नाही. दुसरी अट पाहिली, तर १८१ हे ६० पेक्षा कितीतरी जास्त, आणि आधीची चारही वर्षे ते भारतातच होते, म्हणजे १,४६१ दिवस (२०२३-२४ मध्ये लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी आला, म्हणून १,४६० नाही). मग ते रहिवासीच की! बरेच जण इथे उत्तर लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतात, आणि उत्तर चुकतं.

कशासाठी गेला, हे विचारा

कायद्यानं दुसऱ्या अटीला काही अपवाद दिले आहेत. भारतीय नागरिक नोकरीसाठी, किंवा भारतीय जहाजाचा खलाशी म्हणून, त्या वर्षी भारत सोडून गेला, तर त्याच्यासाठी ६० च्या जागी १८२ वाचायचं. याचा परिणाम असा, की दुसऱ्या अटीचा पहिला भाग आणि पहिली अट एकच होऊन जातात, आणि फक्त १८२ ची कसोटी उरते.

श्री. अ नोकरीसाठी गेले. त्यांचे दिवस १८१. म्हणून ते अनिवासी.

आता बघा, तेच श्री. अ १७ ऐवजी १८ मार्चला निघाले असते, तर? १८२ दिवस. रहिवासी. आणि वर ज्या मुलानं वजाबाकी करून दिवस मोजले, त्याच्या वहीत १८१ आले असते आणि त्यानं 'अनिवासी' लिहिलं असतं. म्हणून येण्या-जाण्याच्या दिवसांची मोजणी पहिल्यांदा, नियम त्यानंतर.

प्रश्नात 'नोकरीसाठी' हे शब्द आहेत की नाहीत, हे अधोरेखित करायची सवय लावा. तोच माणूस सहलीला गेला असता, तर अपवाद नाही. ६० दिवसांची अट जशीच्या तशी लागली असती, आणि १८१ दिवसांनाही तो रहिवासी झाला असता. दिवस तेच, कारण वेगळं, उत्तर उलटं.

दुसरा अपवाद भेटीला येणाऱ्यांचा. भारतीय नागरिक किंवा भारतीय वंशाची व्यक्ती परदेशात राहत असताना भारतात भेटीला आली, तर तिथेही ६० च्या जागी १८२. पण तिचं परदेशी स्रोतांखेरीजचं एकूण उत्पन्न १५ लाखांपेक्षा जास्त असेल, तर १८२ नव्हे, १२० दिवस. लंडनमध्ये स्थायिक झालेली व्यक्ती १३० दिवस गावी येऊन राहिली, आधीच्या चार वर्षांत तिचे ३६५ दिवस भरतात, आणि भारतातलं भाडं व व्याज मिळून १६ लाख होतं, तर ती रहिवासी. तेच उत्पन्न १४ लाख असेल, तर अनिवासी. प्रश्नात भारतातल्या उत्पन्नाचा आकडा उगाच दिलेला नसतो, हे इथे कळतं. आणि कायमचा परत येणारा माणूस 'भेटीला' आलेला नाही. त्याला ६० दिवसांचीच अट.

तिसरी गोष्ट दुबईसाठी लक्षात ठेवा. भारतीय नागरिकाचं असं उत्पन्न १५ लाखांपेक्षा जास्त असेल आणि वास्तव्यामुळे त्याला कुठल्याच देशात कर लागत नसेल, तर एकही दिवस भारतात न राहता तो 'मानीव रहिवासी' ठरतो. श्री. अ यांचं असं उत्पन्न पुढे ७,८४,००० निघणार आहे, म्हणून हे कलम त्यांना लागत नाही.

रहिवासी ठरला, पण कोणता?

रहिवासी ठरल्यावर आणखी एक पायरी. पुढील दोन्ही अटी पूर्ण झाल्या, तर तो सामान्य रहिवासी, म्हणजे आरओआर: आधीच्या दहा वर्षांपैकी किमान दोन वर्षे रहिवासी, आणि आधीच्या सात वर्षांत मिळून ७३० दिवस किंवा जास्त भारतात. एकही अट चुकली, तर आरएनओआर. १२० दिवसांच्या नियमानं (म्हणजे १८२ पेक्षा कमी दिवस राहून) रहिवासी झालेले आणि मानीव रहिवासी हे थेट आरएनओआर असतात, त्यांच्यासाठी ही मोजणी करत बसू नका.

श्री. अ १८ मार्चला निघाले असते, तर जन्मापासून इथेच असल्यानं दोन्ही अटी सहज भरल्या असत्या. ते आरओआर झाले असते.

एका दिवसाची किंमत

आता उत्पन्नाकडे. सर्व आकडे वजावटींनंतरचे आहेत:

- पुण्यातल्या नोकरीचा पगार: ५,००,०००
- दुबईचा पगार, दुबईच्या बँकेत जमा: १४,००,०००
- रत्नागिरीतल्या घराचं भाडं: ८४,०००
- दुबईच्या बँकेचं व्याज, नंतर गावी पाठवलं: २०,०००
- मस्कतच्या दुकानाचा नफा, तिथेच मिळालेला. कारभार भाऊ रत्नागिरीहून बघतो आणि निर्णय तिथेच होतात: २,००,०००

अनिवासी माणसाला भारतात मिळालेलं किंवा भारतात उद्भवलेलं उत्पन्नच करपात्र. म्हणून पगार आणि भाडं, ५,८४,०००. व्याजाचे पैसे गावी आले ना, मग ते धरायचे का? नाही. 'मिळणे' म्हणजे पहिल्यांदा हातात येणे. ते दुबईत आले. नंतर पाठवणं म्हणजे स्वतःचेच पैसे हलवणं. पण दुबईचा पगार थेट रत्नागिरीच्या बँकेत जमा होतो असं प्रश्नात असेल, तर पहिली प्राप्तीच भारतात, आणि तो करपात्र.

आरएनओआर असेल, तर एक गोष्ट वाढते: परदेशातला व्यवसाय भारतातून नियंत्रित होत असेल, तर त्याचं उत्पन्न. मस्कतच्या दुकानामुळे बेरीज ७,८४,०००. आरओआर असेल, तर जगातलं सगळं: २२,०४,०००.

म्हणजे १७ ऐवजी १८ मार्चला विमान पकडलं, एवढ्यानं करपात्र उत्पन्न ५,८४,००० वरून २२,०४,००० वर गेलं. प्रत्यक्षात दोन देशांतल्या कर करारातून काही दिलासा मिळू शकतो. पण परीक्षेत करार दिलेला नसेल, तर तो आणू नका.

उत्तर लिहिताना क्रम असा ठेवा: आधी महिनावार दिवस आणि बेरीज, मग जाण्या-येण्याचं कारण, मग मूळ कसोटी, मग सामान्य की नाही, आणि शेवटी उत्पन्नाचा तक्ता. दिवसांची मांडणी दिसली, तर बेरजेत एखादी चूक असली तरी परीक्षकाला तुमची पद्धत कळते. नुसतं 'अनिवासी' लिहिलं, तर कळत नाही.

घरी एक करून पाहा. श्री. अ २९ सप्टेंबर २०२४ ला दुबईला गेले आणि वर्षभरात परत आलेच नाहीत. दिवस मोजा, दर्जा सांगा. पुढच्या वेळी आपण इथूनच सुरुवात करू.